अ‍ॅसिटिलीनच्या उष्णतेचा हिशेब आणि त्याची तपासणी

कार्बन आणि हायड्रोजन या दोन मूलद्रव्यांपासून अ‍ॅसिटिलीन वायू तयार होताना किती उष्णता शोषली किंवा बाहेर टाकली जाते, हे उष्णतामापकात थेट मोजता येत नाही. ग्रॅफाइट आणि हायड्रोजन एका भांड्यात ठेवून तापवले, तरी निव्वळ अ‍ॅसिटिलीन हाती लागत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलां बर्थेलो यांनी 1862 मध्ये हायड्रोजनच्या वातावरणात कार्बनच्या कांड्यांमध्ये विजेची ठिणगी पाडून हा वायू मिळवला. पण विजेच्या त्या प्रखर झोतात या एकाच अभिक्रियेची उष्णता वेगळी काढणे शक्य नसते. म्हणून हा आकडा आडवाटेने काढावा लागतो.

ती आडवाट जर्मेन हेस यांच्या नियमाने मोकळी केली. जिनिव्हात जन्मलेल्या आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये काम केलेल्या या शास्त्रज्ञाने 1840 मध्ये असे मांडले, की अभिक्रिया एका टप्प्यात घडो वा अनेक टप्प्यांत, सुरुवातीचे आणि शेवटचे पदार्थ तेच असतील तर एकूण उष्णताबदलही तोच राहतो. आजच्या भाषेत, स्थिर दाबाखालच्या या उष्णताबदलाला एन्थाल्पीतील बदल म्हणतात आणि तो ΔH असा लिहितात. उष्णता बाहेर पडली तर ΔH ऋण, शोषली गेली तर धन. या नियमामुळे मोजता येण्याजोग्या अभिक्रियांची समीकरणे उलटवून, पटीत वाढवून किंवा कमी करून त्यांची बेरीज करता येते आणि न मोजता येणाऱ्या अभिक्रियेचा ΔH मिळतो. बेरीज सोपी असते. उत्तर बरोबर आहे याची खात्री कशी करायची, हा खरा प्रश्न आहे. कारण उलटवण्यात किंवा पटीत एक चूक झाली तरी शेवटी एक नीटनेटका आकडा मिळतोच, आणि तो चुकीचा आहे हे त्याच्याकडे नुसते पाहून कळत नाही.

अ‍ॅसिटिलीनच्या बाबतीत हवे असलेले समीकरण असे आहे:

2C (ग्रॅफाइट) + H₂ (वायू) → C₂H₂ (वायू)

हाताशी आहेत ती ज्वलनाची तीन समीकरणे. ज्वलन मोजणे सोपे असते; पदार्थ भरपूर ऑक्सिजनमध्ये पूर्ण जाळायचा आणि भोवतीचे पाणी किती तापले ते पाहायचे. 25 अंश सेल्सिअसला मिळणारे आकडे असे:

पहिले: C (ग्रॅफाइट) + O₂ → CO₂, ΔH = −393.5 किलोजूल

दुसरे: 2H₂ + O₂ → 2H₂O (द्रव), ΔH = −571.6 किलोजूल

तिसरे: 2C₂H₂ + 5O₂ → 4CO₂ + 2H₂O (द्रव), ΔH = −2599.2 किलोजूल

हव्या असलेल्या समीकरणात डावीकडे कार्बनचे दोन मोल आहेत, म्हणून पहिले समीकरण दुप्पट करायचे. हायड्रोजनचा एकच मोल आहे, म्हणून दुसरे निम्मे करायचे. अ‍ॅसिटिलीन उजवीकडे आणि एक मोल हवे. तिसऱ्यात ते डावीकडे आणि दोन मोल आहे. तेव्हा तिसरे उलटवायचे आणि निम्मेही करायचे. समीकरणाला जे केले तेच त्याच्या ΔH ला करायचे: पट तीच, आणि उलटवले तर चिन्हही उलटे. मग तीन आकडे होतात −787.0, −285.8 आणि +1299.6. त्यांची बेरीज +226.8 किलोजूल.

तपासणीची सुरुवात पदार्थांपासून करावी, आकड्यांपासून नाही. तिन्ही बदललेली समीकरणे एकाखाली एक लिहून प्रत्येक पदार्थाचा स्वतंत्र जमाखर्च मांडायचा. उजवीकडे असेल तो जमा, डावीकडे असेल तो खर्च. कार्बन डायऑक्साइड पहिल्यातून 2 जमा होतो आणि उलटवलेल्या तिसऱ्यात 2 खर्च होतो, शिल्लक शून्य. पाणी दुसऱ्यातून 1 जमा आणि तिसऱ्यात 1 खर्च, शिल्लक शून्य. ऑक्सिजन पहिल्यात 2 खर्च, दुसऱ्यात अर्धा खर्च आणि तिसऱ्यात अडीच जमा, शिल्लक शून्य. कार्बन, हायड्रोजन आणि अ‍ॅसिटिलीन यांचे मात्र हवे तेवढेच मोल उरतात.

या जमाखर्चात एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. समीकरणांच्या पटी ठरवताना कार्बन, हायड्रोजन आणि अ‍ॅसिटिलीन हे तीनच पदार्थ वापरले गेले. त्यामुळे या तिघांचा मेळ बसला यात नवल नाही. तो बसावा म्हणूनच पटी तशा निवडल्या होत्या. खरी साक्ष उरलेल्या तिघांची असते. कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऑक्सिजन यांना पटी ठरवताना कोणी विचारले नव्हते, तरीही ते तिन्ही पूर्ण कटले. यांतही ऑक्सिजन विशेष उपयोगी, कारण तो तिन्ही समीकरणांत आहे. कुठल्याही एका समीकरणाची पट चुकली की त्याचा हिशेब बिघडतो. अनेक पाठ्यपुस्तकांत ऑक्सिजन शेवटी आपोआप कटतो असे सांगून पुढे जातात. त्याला घाईने कापून टाकण्यापेक्षा त्याची बेरीज प्रत्यक्ष लिहून करावी. अडीच आणि अर्धा असे अपूर्णांक त्याच्याच खात्यात येतात, आणि घाईत चूक होते ती तिथेच.

आता एक चूक मुद्दाम करून पाहू. समजा दुसरे समीकरण निम्मे करायचे राहिले. मग बेरीज होते −787.0 − 571.6 + 1299.6, म्हणजे −59.0 किलोजूल. हा आकडा अजिबात संशयास्पद वाटत नाही. तो फार मोठा नाही, फार लहान नाही, दशांशही नीट आहे. शिवाय चिन्ह ऋण असल्यामुळे एक साधी, उष्णता बाहेर टाकणारी अभिक्रिया डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात उत्तराचे चिन्हच बदललेले आहे.

जमाखर्च मात्र लगेच बोट दाखवतो. पाणी 2 जमा आणि 1 खर्च, म्हणजे 1 मोल उरले. ऑक्सिजनचा अर्धा मोल खर्चात राहिला. हायड्रोजन एकाऐवजी 2 मोल झाला. जे उरले ते समीकरण असे:

2C + 2H₂ + ½O₂ → C₂H₂ + H₂O

−59.0 हा आकडा चुकीचा नाही. तो या दुसऱ्याच अभिक्रियेचा अचूक ΔH आहे. पटीच्या बहुतेक चुकांचे स्वरूप असेच असते. आकडेमोड निर्दोष असते, पण ती न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. म्हणूनच आकड्यांची बेरीज पुन्हा पुन्हा करून ही चूक सापडत नाही. दहा वेळा केली तरी −59.0 च येणार.

पण पदार्थांचा जमाखर्च सगळे पकडतो असेही नाही. समीकरण नीट उलटवले, नीट निम्मे केले, आणि ΔH कडे मात्र चिन्ह बदलायचे विसरले, तर पदार्थ बिनचूक कटतात आणि बेरीज येते −787.0 − 285.8 − 1299.6, म्हणजे −2372.4. तिसऱ्या समीकरणाचे चिन्ह बदलले पण ते निम्मे केले नाही, तर +1526.4. अशा चुका आकड्यांच्या स्तंभात राहतात. पदार्थांच्या स्तंभातून त्या दिसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी तपासणी लागते.

त्यासाठी परतीचा हिशेब करावा. मिळालेले उत्तर बरोबर आहे असे धरायचे आणि दिलेल्या समीकरणांपैकी सर्वांत गुंतागुंतीचे, म्हणजे तिसरे, जसे दिले होते तसेच पुन्हा बांधायचे. त्यात उजवीकडे कार्बन डायऑक्साइडचे 4 मोल आहेत: 4 × (−393.5) = −1574.0. पाण्याचे 2 मोल म्हणजे दुसरे समीकरण जसेच्या तसे: −571.6. त्यातून डावीकडच्या अ‍ॅसिटिलीनच्या 2 मोलांची निर्मिती, 2 × 226.8 = 453.6, वजा करायची. ऑक्सिजन हे मूलद्रव्य आपल्या नेहमीच्या रूपात असल्याने त्याची निर्मिती एन्थाल्पी शून्य. बेरीज −2599.2, म्हणजे दिला होता तोच आकडा. आता −59.0 घेऊन हाच प्रवास केला, तर −1574.0 − 571.6 + 118.0 = −2027.6 येते आणि चूक उघडी पडते. परतीचा हिशेब पकडतो, कारण इथल्या पटी नव्या असतात. जाताना 2, अर्धा आणि उणे अर्धा अशा पटी होत्या. येताना 4, 1 आणि 2 आहेत. एकच विसर दोन्ही वेळा एकाच ठिकाणी होण्याची शक्यता फार कमी राहते. मूळची बेरीजच त्याच क्रमाने पुन्हा करणे ही तपासणी नव्हे. डोळा पहिल्या वेळी जिथे घसरला, तिथेच तो दुसऱ्यांदाही घसरतो.

यापुढची तपासणी आकड्यांपेक्षा पदार्थांच्या वागणुकीशी जोडलेली आहे, आणि चिन्हाच्या बाबतीत ती सर्वांत विश्वासाची. दोन मोल कार्बन आणि एक मोल हायड्रोजन सरळ जाळले, तर 787.0 + 285.8 = 1072.8 किलोजूल उष्णता बाहेर पडते. तीच मूलद्रव्ये आधी अ‍ॅसिटिलीन करून मग जाळली, तरी हेसच्या नियमाने एकूण तेवढीच उष्णता मिळायला हवी. पण एक मोल अ‍ॅसिटिलीन जाळल्यावर प्रत्यक्षात 1299.6 किलोजूल मिळतात, म्हणजे आपल्या मूलद्रव्यांपेक्षा 226.8 ने जास्त. ही जास्तीची ऊर्जा कुठून तरी आली पाहिजे. ती अ‍ॅसिटिलीन तयार होताना आत घेतली गेली, म्हणूनच उत्तर धन. संयुगाच्या ज्वलनाची उष्णता त्याच्या मूलद्रव्यांच्या ज्वलनापेक्षा जास्त असेल, तर त्याची निर्मिती उष्माग्राही असते. कमी असेल, तर उष्मादायी. हे एवढे वाक्य मनात असेल तर आकडेमोड करण्याआधीच चिन्ह सांगता येते. −2372.4 हे उत्तर खरे मानले, तर या दोन वाटांचा मेळ बसण्यासाठी अ‍ॅसिटिलीनचे ज्वलन 1299.6 किलोजूल उष्णता शोषणारे ठरेल. ज्या वायूची ऑक्सिजनबरोबरची ज्योत 3000 अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि पोलाद कापते, त्याबद्दल असे म्हणता येणार नाही.

धन चिन्हाचा पुरावा गॅस वेल्डिंगच्या दुकानातही आहे. +226.8 चा दुसरा अर्थ असा, की अ‍ॅसिटिलीन ऑक्सिजनशिवाय, नुसते कार्बन आणि हायड्रोजनमध्ये फुटले तरी प्रत्येक मोलामागे 226.8 किलोजूल उष्णता बाहेर पडते. म्हणूनच हा वायू इतर वायूंसारखा रिकाम्या सिलिंडरात दाबून भरत नाहीत. सिलिंडरमध्ये सच्छिद्र भराव असतो, त्यात अ‍ॅसिटोन शोषलेले असते आणि वायू त्या अ‍ॅसिटोनमध्ये विरघळलेल्या स्थितीत ठेवतात. दाबाखाली मोकळे ठेवलेले अ‍ॅसिटिलीन हवेशिवायही स्फोट पावू शकते. निर्मिती एन्थाल्पी −59.0 असती, तर विघटनाला उलट उष्णता पुरवावी लागली असती आणि ही काळजी इतकी आवश्यक ठरली नसती.

आकड्याचा अंदाज हवा असेल तर बंध एन्थाल्पीकडे वळता येते. ही वाट ज्वलनाच्या आकड्यांवर थेट अवलंबून नाही, म्हणून तिची साक्ष वेगळी. ग्रॅफाइटमधून कार्बनचे दोन मोल सुटे अणू करायला 2 × 716.7 = 1433.4 किलोजूल लागतात, हायड्रोजनचा बंध तोडायला 436. एकूण खर्च सुमारे 1869. अ‍ॅसिटिलीनमध्ये कार्बन-कार्बन तिहेरी बंध तयार होताना सरासरी 839 आणि दोन कार्बन-हायड्रोजन बंधांतून 2 × 413 = 826 किलोजूल परत मिळतात; एकूण 1665. फरक सुमारे +204. तो 226.8 शी तंतोतंत जुळत नाही आणि जुळायलाही नको. बंधांचे हे आकडे अनेक संयुगांवरून काढलेली सरासरी आहेत, आणि अ‍ॅसिटिलीनमधले बंध त्या सरासरीपेक्षा वेगळे असतात. पण चिन्ह तेच आले आणि आकडा आसपासचा आला. −59.0, −2372.4 आणि +1526.4 ही तिन्ही उत्तरे या एका अंदाजाने बाद होतात. याहून झटपट, तोंडी अंदाजही करता येतो. 393.5 च्या जागी 400, 285.8 च्या जागी 300 आणि 1299.6 च्या जागी 1300 धरले, की −800 − 300 + 1300 = +200. तोंडी अंदाज मात्र पटी आणि चिन्हे बरोबर आहेत हे गृहीत धरतो, म्हणून तो फक्त बेरजेतली चूक पकडतो.

काही चुका या सगळ्या चाळण्यांतून निसटतात आणि त्या पदार्थाच्या अवस्थेशी संबंधित असतात. समजा हायड्रोजनच्या ज्वलनाचा आकडा पाण्याच्या वाफेसाठीचा घेतला, म्हणजे प्रति मोल −285.8 ऐवजी −241.8. उत्तर येईल +270.8. कागदावर H₂O दोन्हीकडे कटलेले दिसते, पण एका बाजूला वाफ आहे आणि दुसऱ्या बाजूला द्रव पाणी. ते एकच पदार्थ म्हणून कापता येत नाहीत. चिन्ह बरोबर आहे, आणि बंधांचा ढोबळ अंदाजही हे उत्तर खात्रीने नाकारू शकत नाही. समीकरणातली अवस्था वाचणे हाच यावर उपाय. म्हणून जमाखर्च मांडताना पाणी असे एकच खाते न ठेवता द्रव पाणी आणि वाफ अशी दोन खाती ठेवावीत. मग दोन्हींत एकेक मोल शिल्लक दिसतो आणि चूक लपत नाही. ग्रॅफाइट आणि हिरा यांचेही तसेच. हिऱ्याची एन्थाल्पी ग्रॅफाइटपेक्षा प्रति मोल 1.9 किलोजूलने जास्त असते. दोन मोलांमागे उत्तर 3.8 ने सरकते.

खरे उत्तर माहीत असेल, उदाहरणार्थ पुस्तकाच्या शेवटी दिलेले असेल, तर आपल्या आणि त्याच्या उत्तरातला फरक काढून चुकीची जागाही शोधता येते. तपासणीची ही पद्धत फार उपयोगाची आहे आणि शिकवली फार कमी जाते. −59.0 आणि +226.8 यांतला फरक 285.8, म्हणजे 571.6 चा निम्मा. दुसरे समीकरण निम्मे करायचे राहिले. फरक 393.5 आला, तर कार्बनचे समीकरण दुप्पट झाले नाही. +1526.4 चा फरक 1299.6, म्हणजे तिसऱ्याला निम्मे केले नाही. −2372.4 चा फरक 2599.2, म्हणजे 1299.6 ची दुप्पट. चिन्ह उलटवायचे राहिले की फरक नेहमी त्या संज्ञेच्या दुपटीएवढा येतो, कारण वजा करण्याऐवजी मिळवले किंवा मिळवण्याऐवजी वजा केले गेलेले असते. फरक 44.0 म्हणजे 25 अंशाला पाण्याच्या एका मोलाची बाष्पीभवन एन्थाल्पी, अवस्था चुकली. आणि आपले उत्तर पुस्तकातल्या उत्तराच्या बरोबर दुप्पट म्हणजे 453.6 असेल, तर बहुधा चूक कसलीच नसते. दोन मोल अ‍ॅसिटिलीनचे समीकरण सोडवलेले असते. म्हणून उत्तराशेजारी ते कोणत्या समीकरणासाठी आहे हे लिहिणे गरजेचे आहे. नुसते प्रति मोल लिहिले तर मोल कशाचा, हा प्रश्न उरतो.

काही फरकांचा मात्र शोध घेण्याची गरज नसते. अ‍ॅसिटिलीनची निर्मिती एन्थाल्पी काही तक्त्यांत 226.7, तर काहींत 227.4 दिलेली आढळते. ज्वलनाचा आकडा 1299.6 ऐवजी 1300 घेतला तर उत्तर 227.2 येते. हे उत्तर 1300 आणि 1073 या दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून आलेले असल्यामुळे मूळ मोजमापातली बारीक चूक त्यात मोठी होऊन दिसते. ज्वलनाच्या आकड्यात एक हजारांश, म्हणजे सुमारे 1.3 किलोजूलची अनिश्चितता असेल, तर उत्तरात ती अर्ध्या टक्क्याहून जास्त भरते. तेव्हा एखाद्या किलोजूलचा फरक दिलेल्या आकड्यांच्या गोलाईचा किंवा मोजमापाचा समजावा. फरक दिलेल्या एखाद्या संज्ञेएवढा, तिच्या निम्मा किंवा दुप्पट असेल, तर ते समीकरण पुन्हा काढून त्याची दिशा, पट आणि अवस्था पाहावी.